धोंड्याच्या महिन्यातला पगार

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. मुहूर्त नाहीत म्हणून कार्यालयवाले, केटरर, बँडवाले कसे रिकामे बसलेत, हे वाचून झालंच असेल. माझी भाचीही त्यांच्यातलीच. बदलापूरला राहते, नवरीचा मेकअप करते. भाचेजावई मालिकांच्या सेटवर साउंड रेकॉर्डिस्ट. त्यांना काम बरं असतं, पण केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे हिचे पैसे पंचांगावर आणि त्यांचे प्रॉडक्शनच्या अकाउंटंटवर.

दोघांनी मोबाइलमध्ये बजेटचा एक तयार तक्ता उतरवून घेतला होता. निम्मे पैसे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हे ५०-३०-२० सूत्र लोकप्रिय केलं अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीने, २००५च्या पुस्तकात. दरमहा ठरलेला पगार येणाऱ्याला ते ठीक आहे. इथे गेल्या वर्षी मे महिन्यात १ लाख १२ हजार आले आणि ऑगस्टमध्ये २९ हजार. मेमध्ये हौसेला तेहतीस हजार आणि ऑगस्टमध्ये गरजांना साडेचौदा, असं कुठलं घर चालतं? साडेतेरा तर नुसतं भाडंच आहे.

"मावशी, आम्ही उधळे नाही गं," भाची म्हणाली. नाहीतच. फक्त तक्त्याच्या पहिल्या ओळीत 'या महिन्याचं उत्पन्न' लिहिलं होतं. अनियमित कमाईच्या घरात ती ओळ खोडावी आणि तिथे 'पगार' लिहावं. तो दोघांनी स्वतःला द्यायचा, दर महिन्याला तेवढाच.

त्यासाठी खाती दोन. एकात येणारा प्रत्येक रुपया जमा होतो, त्याचं नाव ठेवलं 'बेगमी'. दुसरं घरखर्चाचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बेगमीतून घरखर्चात पुढच्या महिन्याचा पगार जातो. धंद्याचा खर्च, म्हणजे तिचं सामान, मदतनीस मुलीचे पैसे, त्यांच्या माइकची दुरुस्ती, हा बेगमीतूनच भागतो. घरखर्चाच्या कार्डाने फाउंडेशन घ्यायचं नाही.

पगार किती? गेल्या मेपासून एप्रिलपर्यंत दोघांच्या हातात आले ७ लाख ९२ हजार. त्यातून धंद्याचा खर्च १ लाख ३२ हजार वजा जाता उरले ६ लाख ६० हजार, म्हणजे महिना सरासरी ५५ हजार. साहजिकच दोघांना पगार ५५ हवा होता. मी ४८ वर अडून बसले. सरासरीइतका पगार घेतला तर बेगमीत कधी काही साठतच नाही. ४८ घेतला, तर वर्षाला ८४ हजार मागे राहतात, आणि कमाई तेवढी घसरली तरी पगार टिकतो.

या ४८ हजारांचा तक्ता असा झाला:

भाडं: १३,५००
किराणा, दूध, भाजी: १०,२००
वर्षातून एकदा येणारे खर्च: ५,०००
सासूबाईंना गावी: ४,०००
वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल: ३,८००
रेल्वे पास, पेट्रोल: ३,५००
दुचाकीचा हप्ता: ३,२००
दोघांचा हातखर्च: ३,०००
डॉक्टर आणि सटरफटर: १,८००

तिसरी ओळ बहुतेकांच्या तक्त्यात नसते आणि तिथेच घर गळतं. आरोग्यविम्याचा हप्ता १९ हजार, गाडीचा विमा २ हजार, अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि दलाली १५ हजार, गणपतीला गावी जाणं आणि दिवाळी मिळून २४ हजार. बेरीज ६० हजार, भागिले बारा. हे 'अचानक' येत नाहीत. गणपती कधी अचानक आलेत का?

एसआयपीची ओळ नाही हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. भाचेजावयांच्या मित्रांनी त्यावरून आम्हाला अडाणी ठरवलं. पण ऑगस्टमध्ये बाजार पडलेला असताना भाड्यासाठी युनिट विकायची वेळ येणार असेल, तर आधी बेगमी भरावी, या मतावरून मी हलणार नाही.

आता बेगमी किती हवी? 'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा' हे सगळेच सांगतात. मला तो आकडा ढोबळ वाटतो. आपल्या वर्षातला खड्डा मोजावा. गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे जवळपास चातुर्मासभर, आले १ लाख ४२ हजार. धंद्याचा खर्च तेव्हा कमी, महिना ५ हजार; तो वजा जाता १ लाख २२ हजार. चार पगार १ लाख ९२ हजारांचे. खड्डा ७० हजारांचा.

यंदा धोंड्याने तो आधीच खणायला घेतला. बुकिंग बघून आम्ही अंदाज बांधला: खर्च वजा जाता मेमध्ये ५० हजार, जूनमध्ये ३५. म्हणजे मेमध्ये पगार देऊन २ हजार उरतील, जूनमध्ये १३ कमी पडतील. १३ आणि ७० मिळून ८३ हजार मेअखेर बेगमीत हवेत. तिथे एप्रिलअखेर होते ६१, मेचे २ धरून ६३. तूट वीस हजारांची, आणि ती मेमध्येच दिसली. सप्टेंबरमध्ये कळली असती तर क्रेडिट कार्डावर गेली असती.

वीस हजार, पाच पगार. जूनअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत निघणारा प्रत्येक पगार ४४ हजार. चार हजार कुठून कापायचे यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. दिवाळी-गणपतीच्या २४ हजारांचे १२ केले, त्यातून महिना हजार सुटले. हातखर्चातून हजार, पेट्रोलमधून पाचशे. उरलेले दीड हजार किराण्यातून काढताना भाची गप्प बसली. आठवड्यातून दोनदा बाहेरून येणारी बिर्याणी त्या ओळीत लपली होती. सासूबाईंच्या चार हजारांना हात लावायचा नाही, हे मात्र तिनेच सांगितलं.

गणित बिघडतंय हे ओळखायला पगार दिल्यानंतरची शिल्लक बघायची. मेअखेर ६३ हजार, जून ५४, जुलै ४६, ऑगस्ट २६, सप्टेंबर ११, ऑक्टोबर शून्य. हे आकडे फ्रिजवर चिकटवलेत. जुलैअखेर ४६ ऐवजी ४० दिसले, तर उरलेल्या तीन पगारांतून दोन-दोन हजार कमी. शून्य हा काही सुखाचा आकडा नाही. तोवर नोव्हेंबरचा पगार घरखर्चात पोचलेला असेल, एवढंच. त्यानंतर तुळशीच्या लग्नाची वाट बघायची.

फसायला होतं ते न कमावलेल्या पैशांत. नोव्हेंबरच्या लग्नाचे पाच हजार टोकन नवरीकडचे ऑगस्टमध्येच देतात. बेगमी फुगलेली दिसते, पण लग्न पुढे ढकललं तर ते परत द्यावे लागतात. म्हणून टोकन वहीत वेगळं लिहायचं, काम झाल्यावरच शिल्लकेत धरायचं. भाचेजावयांचं उलट. ४० हजारांचं बिल, त्यावर दहा टक्के टीडीएस, खात्यात येणार ३६, तेही तीन महिन्यांनी. तोंडाने मात्र ते "जूनचे चाळीस" म्हणतात. नव्या करप्रणालीत दोघांचंही उत्पन्न बारा लाखांच्या खूप खाली, त्यामुळे कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर परत मिळेल. मिळेल तेव्हा मिळेल. तक्त्यात त्याला जागा नाही.

परवा ताईने जावयाला धोंड्याचं वाण दिलं, तेहतीस अनारसे आणि वर पाच हजारांचं पाकीट. अनारसे बदलापूरला पोचेपर्यंत निम्मे संपले. पाकिटाचं काय करायचं म्हणून भाचीचा रात्री फोन आला. बिर्याणीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. सकाळी बेगमीत पाच हजार जमा झाल्याचा स्क्रीनशॉट आला.