बिल भरलं, तरी बाकी का दिसते?

क्रेडिट कार्डाचं बिल भरलं, खात्यातून पैसे गेले, पेमेंट यशस्वी झाल्याचा मेसेजही आला. तासाभराने कार्डाचं ॲप उघडावं तर बाकी होती तेवढीच! घाबरून अनेकजण लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतात. त्याआधी ॲपवरचा आकडा नेमका कसला आहे, ते पाहावं.

तिथे सहसा दोन आकडे असतात. एक स्टेटमेंटचा. स्टेटमेंट निघालं की तो गोठतो, आणि तुम्ही भरलेले पैसे त्या कागदावर कधीच दिसत नाहीत. ते दिसतात पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये. दुसरा आकडा आजच्या एकूण बाकीचा. त्यात स्टेटमेंटनंतर केलेली खरेदीही धरलेली असते. म्हणजे सगळं बिल वेळेत चुकतं केलं, तरी हा आकडा शून्य होईलच असं नाही.

हे दोन्ही तपासूनही हिशेब जुळत नसेल, तर पैसे वाटेत आहेत असं समजायचं. ‘पेमेंट यशस्वी’ या मेसेजचा अर्थ एवढाच, की तुमच्या खात्यातून रक्कम निघाली. ती कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचणं ही पुढची पायरी, आणि तिने ती तुमच्या कार्डखात्यात जमा दाखवणं ही त्यानंतरची. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी अहोरात्र चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच सुटते. पण पैसे रात्रभर धावत असले, म्हणून कार्डखात्यातली नोंदही रात्रभर होते असं नाही. त्याच बँकेच्या नेटबँकिंगमधून भरलं तर नोंद बहुधा त्याच दिवशी होते. दुसऱ्या बँकेतून किंवा बिल भरण्याच्या ॲपमधून भरलं, तर दोन-तीन कामाचे दिवसही लागू शकतात. शिवाय प्रत्येक बँकेची, प्रत्येक मार्गासाठी वेळेची मर्यादा ठरलेली असते. तिच्यानंतर आलेलं पेमेंट दुसऱ्या दिवसाचं धरलं जाऊ शकतं. ही वेळ बँकेच्या संकेतस्थळावर ‘पेमेंटचे मार्ग’ अशा कुठल्यातरी पानात दडलेली असते. ती ठळक छापायला हवी, पण छापत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. १० जूनला २०,००० रुपयांची खरेदी झाली. ३ जुलैला स्टेटमेंट निघालं, मुदत २३ जुलै, शनिवार. त्या रात्री दहाला दुसऱ्या ॲपमधून सगळी रक्कम भरली आणि सोमवारी २५ तारखेला ती जमा दिसली. बँकेने पेमेंटची तारीख २३ धरली असेल, तर प्रश्नच नाही. २५ धरली असेल तर?

विलंब शुल्काची भीती इथे नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि थकबाकीची नोंद क्रेडिट ब्युरोकडेही पाठवता येत नाही. पण या सवलतीत व्याज मोडत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. मुदतीत पूर्ण रक्कम जमा झाली नाही, तर बिनव्याजी काळ जातो आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जाऊ शकतं. महिना साडेतीन टक्के दर धरला, तर २०,००० वर दिवसाला साधारण २३ रुपये होतात. १० जून ते २५ जुलै हे ४५ दिवस, म्हणजे सुमारे १,०३५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. दोन दिवसांच्या उशिराची ही किंमत! म्हणून पुढच्या स्टेटमेंटमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात: पेमेंटसमोरची तारीख आणि व्याजाची ओळ.

पैसे मुळात भलतीकडेच गेले असण्याचीही शक्यता असते. एनईएफटीने भरताना बहुतेक बँकांमध्ये कार्डाचा क्रमांक हाच खाते क्रमांक म्हणून घालावा लागतो. कार्ड बदलून मिळालं असेल आणि लाभार्थींच्या यादीत जुनाच क्रमांक राहिला असेल, तर पेमेंट अडकतं किंवा परत येतं. तेव्हा आधी आपल्या बचत खात्याचा उतारा पाहावा. रक्कम परत जमा झाली असेल, तर बिल अजून भरलेलंच नाही.

तीन कामाचे दिवस उलटूनही नोंद नसेल, तर पैसे पुन्हा न भरता यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ देऊन कार्डाच्या बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. व्याज लागलं असेल, तर ते परत मागण्यासाठीही हाच पुरावा लागतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही.