हात सुधारला, अनुदानाचे काय?

शिरवळच्या आमच्या एका खालांचा हात अपघातात अधू झाला. 45 टक्क्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान सुरू झाले. प्रमाणपत्र मात्र तात्पुरते, मुदतीचे होते. फेरतपासणी आली तेव्हा खाला म्हणाल्या, ‘‘हात थोडा सुधारलाय, पैसे थोडे कमी होतील ना?’’

तसे होत नाही. अट 40 टक्क्यांची आहे. 41 निघाले तर अनुदान पूर्ण. 38 निघाले तर दिव्यांग म्हणून ते बंद. खालांचे 38 निघाले.

त्या विधवा आहेत. म्हणून आम्ही त्याच योजनेत निराधार विधवा म्हणून अर्ज करायला सांगितले. मात्र तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे, दिव्यांगांसाठी ती 50,000. तेव्हा उत्पन्नाचा दाखला आधी पाहावा.