रक्तदाबमापन, श्रवण पद्धतीने
रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी ही पद्धत १९०५ मध्ये मांडली. प्रयोगशाळेत व्यक्तीला पाच मिनिटे स्वस्थ बसवून तिचा उघडा दंड हृदयाच्या पातळीत टेकवितात व त्याभोवती हवेचा पट्टा गुंडाळतात. प्रथम मनगटाच्या नाडीवर बोटे ठेवून पट्टा फुगवितात व नाडी लागेनाशी होईल त्याहून पाऱ्याचे ३० मिमी. अधिक दाब देतात. मग कोपराच्या खळगीत धमनीवर स्टेथॉस्कोप ठेवून सेकंदाला २–३ मिमी. या गतीने दाब उतरवितात. टकटक असा ध्वनी प्रथम ऐकू येतो तो आकुंचनी दाब, तर ध्वनी पूर्ण थांबतात तो प्रसरणी दाब होय.

विद्यार्थी बहुधा नाडीची पायरीच गाळतात. उच्च रक्तदाबाच्या काही व्यक्तींत ध्वनी मध्येच लोपून पुन्हा उमटतात. समजा, ते १८० मिमी.ला सुरू होऊन १६० ते १४० या टप्प्यात ऐकू येत नाहीत. पट्टा १५० पर्यंतच फुगविल्यास आकुंचनी दाब १४० नोंदला जाईल, म्हणजे ४० मिमी.ने कमी. नाडी मात्र त्या नीरव टप्प्यातही लागते व १८० च्या सुमारासच नाहीशी होते; म्हणून पट्टा २१० पर्यंत फुगविला जातो. तरीही १६० ला ध्वनी लोपताच हवा एकदम सोडून दिली, तर तोच प्रसरणी दाब समजला जातो. यासाठी शेवटपर्यंत ऐकणे आवश्यक असते.