मनगटाचा काटकोन

पुश-अप हा छातीचा, खांद्यांचा आणि दंडांचा व्यायाम. पण नव्याने सुरुवात केलेल्या अनेकांची छाती दमायच्या आधी मनगटंच कुरकुरू लागतात. प्लँकमध्ये तर हालचालही नसते. नुसते हात टेकून अंग ताठ धरायचं, तरी अर्ध्या मिनिटात मनगटाच्या वरच्या बाजूला, घड्याळ बांधतो त्या जागी, कळ येते. त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: मनगटं कच्ची आहेत, सवय होईल. ताकद कमी असू शकते, नाही असं नाही. पण बहुतेकदा खरी अडचण कोनाची असते.

तळहात जमिनीवर सपाट टेकवला आणि खांदा त्याच्या बरोबर वर आणला, की पंजा आणि हात यांच्यात काटकोन होतो. म्हणजे मनगट सरळ रेषेतून 90 अंश मागे वळतं. स्वतःच्या जोरावर बहुतेकांचं मनगट 70 अंशांच्या आसपास मागे जातं. वरून दाब आला की आणखी थोडं. जेवणं, लिहिणं, दार उघडणं अशा रोजच्या कामांना याच्या निम्म्याच्या आसपास वळलं तरी भागतं. त्यामुळे दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाच्या मनगटावर काटकोनात जाण्याची वेळ एरवी क्वचितच येते, आणि येते तेव्हा थेट अंगाचा भार घेऊनच.

आपलं मनगट किती वळतं हे पाहायला उपकरण लागत नाही. छातीसमोर नमस्कार करावा आणि तळहात एकमेकांना पूर्ण चिकटलेले ठेवून कोपरं हळूहळू बाजूंना वर उचलावीत. दोन्ही हात कोपरापासून कोपरापर्यंत एका आडव्या रेषेत आले, तर दोन्ही मनगटं काटकोनात गेली. त्याआधीच तळहातांचे खालचे भाग एकमेकांपासून सुटू लागले, तर जमिनीवर लागणारा कोन आपल्याकडे नाही, हे उघड आहे.

आत काय होतं? हाताची दोन लांब हाडं आणि पंजा यांच्यामध्ये आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात. पंजा मागे वळतो तशा त्यांच्या वरच्या कडा लांब हाडाच्या कडेजवळ येतात आणि सांध्याभोवतीचं मऊ आवरण मधल्या फटीत चिमटतं. पूर्ण उघडलेलं दार आणखी मागे रेटलं की ताण बिजागरीवर येतो, तसाच हा प्रकार. स्नायू दमून दुखतात ते हाताच्या मांसल भागात. ही कळ मात्र सांध्याच्या वर, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असते आणि हात जमिनीवरून उचलला की बहुधा लगेच ओसरते.

आता भार. समजा, 60 किलो वजनाची एखादी बाई पुश-अपच्या वरच्या स्थितीत आहे. वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग हातांवर येतो, म्हणजे 40 किलो. प्रत्येक मनगटावर 20. खाली जाताना तो आणखी थोडा वाढतो. गुडघे टेकले तर हातांवर निम्म्याच्या आसपास, म्हणजे एकेका मनगटावर 15 किलो. पण गुडघे टेकूनही कोन तोच काटकोनाचा राहतो. म्हणूनच ‘गुडघ्यांवर करा’ या सल्ल्याने छातीला आराम पडतो आणि मनगट दुखायचं ते दुखतंच. याच बाईने हात भक्कम टेबलावर किंवा ओट्यावर टेकले, तर दोन्ही गोष्टी एकदम घडतात. भार कमी होतो, आणि अंग तिरकं असल्यामुळे खांदे पंजांच्या थोडे मागे राहून मनगटाचा कोनही काटकोनापेक्षा कमी होतो.

हाच हिशेब उलटाही लागू होतो. खांदे पंजांच्या पुढे सरकले की कोन 90च्या वर जातो. तालमीतल्या जोरांमध्ये अंग पुढे झोकलं जातं तेव्हा, किंवा सूर्यनमस्कारात खाली येताना हे घडतं. पुश-अप करताना कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावं: खाली गेल्यावर कोपर मनगटाच्या वर उभं आहे, की पुढे कललं आहे? पुढे कललं असेल, तर पंजे थोडे पुढे टेकवले तरी फरक पडतो.

जाड, मऊ गादीवर व्यायाम करणाऱ्यांची आणखी एक गंमत होते. मनगटाला आराम म्हणून गादी घेतली जाते, पण तळहाताचा मनगटाकडचा भाग तिच्यात रुततो, बोटं वर राहतात आणि कोन वाढतो. करायला हवं नेमकं उलटं. तो भाग उंच आणि बोटं खाली. सतरंजीची कडक घडी किंवा 15 अंशांची लाकडी पाचर तळहाताच्या त्या भागाखाली दिली, की 90चे 75 होतात. बोटं पसरून, तर्जनीचं मूळ आणि अंगठा जमिनीवर दाबून ठेवले तर भाराचा काही वाटा बोटांचे स्नायू उचलतात. नाहीतर सगळं ओझं मनगटाकडच्या टोकावर साचतं. पंजे किंचित बाहेर वळवणं अनेकांना मानवतं. दोन्ही हात छातीखाली जवळ आणून बोटं आत वळवली, तर करंगळीकडच्या बाजूवर ताण येतो.

पुश-अपच्या मुठी, ज्यांना दुकानात हँडल किंवा बार म्हणतात, कोनाचा प्रश्नच मिटवतात. मूठ आवळली की पंजा आणि हात एका सरळ रेषेत येतात. भार मात्र तेवढाच राहतो. दांडी तळहाताच्या मनगटाकडच्या भागाजवळ बसायला हवी. ती बोटांच्या मुळांकडे घसरली तर मनगट पुन्हा मागे मोडतं, आणि मग हँडल असून नसून सारखंच. हँडलऐवजी षटकोनी डंबेल चालतात, गोल डंबेल घरंगळतात. हात जमिनीपासून उंच आल्यामुळे छाती नेहमीपेक्षा खाली नेता येते. तेवढं खाली जाण्याचा मोह खांद्यांना महाग पडू शकतो.

मुठीवर पुश-अप करणं बिनखर्चाचं आहे, पण नवख्याची मूठ डगमगते. भार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर घ्यावा, कारण त्या दोन बोटांची तळहातातली हाडं मनगटाशी घट्ट बांधलेली असतात. अनामिका आणि करंगळीकडची हाडं हलती असतात. प्लँकला तर इतकं काही करायचीही गरज नाही. कोपरं खांद्यांखाली टेकली की मनगटाला सुट्टी आणि पोटाला पूर्ण काम.

काही दुखणी मात्र कोन बदलून जात नाहीत. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर तिथल्या छोट्या हाडाला तडा गेलेला असू शकतो, आणि तो पहिल्या क्ष-किरण चित्रात कधीकधी दिसतही नाही. किल्ली फिरवताना करंगळीकडे कटकट होऊन दुखणं, बोटांना मुंग्या येणं, मनगट वाकवल्यावर वर गाठ दिसणं, रात्री झोपेत ठणकणं, यांपैकी काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं.

एरवी दुखणं शमल्यावर सपाट तळहातावर परतताना घाई नको. चार पायांवर उभं राहावं तसं गुडघे आणि हात टेकून खांदे हळूहळू पंजांच्या वर आणावेत आणि मागे न्यावेत, दहाएक वेळा. दुखायला लागायच्या थोडं आधी थांबावं. आठवड्याभरात तो टप्पा पुढे सरकला, तर पाचरीची उंची थोडी कमी करून पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळीही मनगट आखडलेलं वाटलं, तर पुन्हा आधीच्या उंचीवर जावं.