अर्ध्या तासात झोपणारा कॅमेरा

छत्रपती संभाजीनगरच्या ऑनलाइन शिकवणीत कॅननचा १५००डी वेबकॅम म्हणून लावला, तर चित्र सुरेख येते. पण काही वेळाने पडदा काळा होतो.

एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाकाळात, कॅननने ‘EOS Webcam Utility’ आणले. त्यामुळे यूएसबी केबलवर कॅमेऱ्याचे थेट दृश्य संगणकात येऊ लागले. आवाज मात्र येत नाही; माइक वेगळा लागतो. एचडीएमआयसाठी कॅप्चर कार्ड घ्यावे लागते, आणि ज्या कॅमेऱ्यात पडद्यावरची चिन्हे बंद होत नाहीत, त्यात ती प्रेक्षकांनाही दिसतात. म्हणून या मॉडेलला यूएसबीच बरी.

आता झोपेचे. मेनूतील ‘Auto power off’ हे ‘Disable’ करावे. तरीही हात न लावल्यास ३० मिनिटांनी कॅमेऱ्याचा पडदा बंद होऊ शकतो. तेव्हा मधल्या सुट्टीत एखादे बटण दाबावेच.

बॅटरी अवघी ८६० मिलीअँपिअर-तासांची, आणि यूएसबीवरून ती चार्जही होत नाही. बॅटरीच्या जागी बसणारा, भिंतीच्या प्लगला जोडलेला डीसी कपलर हाच खरा उपाय.

पारा चाळिशी ओलांडतो त्या मे महिन्यात सेन्सरही तापतो. पडद्यावर तापमानाचे चिन्ह उमटले, तर दोष सेटिंगचा नाही. कॅमेरा बंद करून थंड होऊ द्यावा.