गल्ल्यावरच्या पाट्या कशा बदलल्या

गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडच्या दुकानांतल्या पाट्या बऱ्याच मवाळ झाल्या. ‘सुट्टे पैसे द्यावेत, वाद घालू नये’, ‘मालास हात लावू नये’, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशा हुकमांच्या जागी गिऱ्हाइकाशी बोलणारी वाक्यं आली. याचं श्रेय दुकानदारांच्या विनोदबुद्धीला दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. जी पाटी वाचून माणूस हसतो आणि सांगितल्याप्रमाणे वागतोही, तिच्यात विनोदाच्या आधी कारण असतं, आणि थोडी तोशीस दुकानदाराने स्वतः सोसलेली असते. मिठाईच्या काउंटरवर ‘हात लावू नये’ लिहिलं की येणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. ‘बोट दाखवा, आमचे हात धुतलेले आहेत, आम्ही काढून देतो’ यात मनाई तीच आहे. पण ती का, ते कळतं आणि काम दुकानदाराने अंगावर घेतलेलं असतं.

सुट्ट्या पैशांच्या पाटीत हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. सुट्टे नाहीत हा वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाचा दोष मानला गेला आणि उरलेल्या रुपया-दोन रुपयांच्या गोळ्या त्याच्या हातावर टेकवल्या गेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, दोन हजारांची नोट आली, आणि अडचण काउंटरच्या दोन्ही बाजूंना सारखीच झाली. नुसता हुकूम सोडून दुकानदाराचीही सुटका होत नव्हती. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं आणि पुढे क्यूआर कोडमुळे नाही म्हणण्याऐवजी दुसरी वाट दाखवता येऊ लागली. तरी नवी पाटी लिहिताना घसरायला होतंच. ‘सुट्टे आणलेत? मग तुमचा नंबर आधी!’ ही ओळ गोड आहे, पण ती रांगेत भांडण लावते: आधीपासून उभ्या असलेल्या आजोबांना मागे का ठेवायचं? त्यापेक्षा ‘सकाळी आमचा गल्ला रिकामा असतो. दहा-वीसच्या नोटा दिल्यात तर बोहनी सुखाची होईल. नसतील तर क्यूआर आहेच’ हे चांगलं. अडचण कुणाची आणि केव्हाची, हे तिच्यात खरं सांगितलंय, आणि ज्याच्याकडे सुट्टे नाहीत त्याला ओशाळं वाटत नाही. दुपारी गल्ला भरला की मात्र ती उतरवायला हवी. खोटं ठरलेलं कारण हुकमापेक्षा जास्त डाचतं.

परत न घेण्याच्या पाटीत नुसती गोडी पुरत नाही, कारण तिथे चूक मुळात अटीतच असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे ‘लग्न आणि साडी, एकदा ठरली की बदलत नाही’ अशी ओळ हसवून गेली, तरी विरलेली साडी घेऊन आलेल्या बाईंना ती अडवू शकत नाही. ‘पावती आणा, सात दिवसांत रंग बदलून देऊ, साडीत दोष निघाला तर पैसे परत’ असं लिहायचं तर आधी मालकाला धोरण बदलावं लागतं. पुण्यातल्या चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हाही आधी धोरण बदललं, आणि ‘एक ते चार बंद’ या पाटीची गरजच उरली नाही.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की दरडावल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. अमेरिकेत पेनेबेकर आणि सँडर्स यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वच्छतागृहांच्या भिंतींवर लिहू नये म्हणून दोन प्रकारच्या सूचना लावल्या होत्या, एक करडी आणि एक विनंतीची. करड्या सूचनेवर जास्त खरडलेलं आढळलं. तो अभ्यास दुकानातला नाही, पण दमदाटीने उलट वागण्याची इच्छा जागते एवढं त्यातून दिसतं. अपवाद आहेच: विजेच्या पेटीजवळ किंवा उकळत्या कढईपाशी दोन शब्दांची मनाईच हवी, तिथे वाचायला वेळ नसतो. दुसरा आक्षेप पुणेरी पाटीच्या चाहत्यांचा, की तो खवचटपणा हीच मजा आहे. मजा आहे, मान्य. पण ती फोटो काढून पुढे पाठवणाऱ्याला. जो एक किलो साखर घ्यायला आलाय, त्याच्यासाठी तो नकारच असतो, आणि रोज येणाऱ्याला तोच टोमणा रोज वाचावा लागतो.

नवी पाटी चालते का, हे गल्ल्यावरच्या मुलाला विचारावं. तेच वाक्य त्याला दिवसभर तोंडाने सांगावं लागत असेल, तर आधी पाटीची जागा पाहावी. सुट्ट्याची पाटी दारावर लावून उपयोग नाही. पाकीट उघडताना नजर जिथे जाते तिथे, बिलाच्या यंत्राशेजारी, ती हवी. तिथेही कुणी वाचत नसेल तर मजकूर लांबला आहे.