मार्गशीर्षातले गुरुवार आणि ड्युटी चार्ट

मार्गशीर्ष लागला की दुकानांच्या आणि शोरूमच्या व्यवस्थापकांकडे एक विनंती हमखास येते: "या महिन्यापुरता माझा ऑफ गुरुवारी मिळेल का?" महालक्ष्मीचं व्रत करणाऱ्या बाईला त्या दिवशी घट मांडायचा असतो, पूजा आणि उपवास असतो, शेवटच्या गुरुवारी उद्यापन असतं. कुणाला श्रावणातले सोमवार हवे असतात, कुणाला कायमचा शुक्रवार.

मागणी नवी नाही. महाराष्ट्रातल्या आठवड्याच्या सुट्टीची मुळंच देवाच्या वाराशी जोडलेली आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं प्रयत्न केल्यावर, 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण असल्याचं सांगितलं जातं.

आजची दुकानं मात्र आठवडाभर उघडी असतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे. पण ती अमुक वारीच द्यावी, असं हा कायदा सांगत नाही. त्यामुळे वार बदलणं ही मालक, कर्मचारी आणि सहकारी यांच्यात ठरवण्याची गोष्ट राहते. खरी अडचण तिसऱ्या पक्षाची, म्हणजे सहकाऱ्यांची असते.

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानातला साडी विभाग डोळ्यांसमोर आणू. विक्रेते दहा. शनिवार-रविवारी गर्दी असल्याने सगळे कामावर. सोमवार ते शुक्रवार रोज दोघांचा ऑफ आणि काउंटरवर किमान आठ जण हवेत. मंगळवारी ऑफ असलेल्या एका विक्रेतीला मार्गशीर्षातले चार गुरुवार हवे आहेत. तिला नुसता "हो" म्हटला, तर गुरुवारी सातच माणसं उरतात आणि मंगळवारी नऊ होतात. म्हणजे गुरुवारच्या दोघांपैकी एकाने आपला ऑफ मंगळवारी घेतला, तरच गणित जमतं.

इथे एक खाच आहे. मंगळवारची सुट्टी संपवून बुधवारी कामावर आलेली ही बाई पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारीच थांबणार. बुधवार ते बुधवार, सलग आठ दिवस काम. तिच्या जागी मंगळवार घेणाऱ्याला सुरुवातीला उलट फायदा होतो: गुरुवारच्या सुट्टीनंतर चारच दिवस काम करून मंगळवारी ऑफ. महिना संपून दोघं आपापल्या वारावर परतले, की हिशेब उलटतो. आता आठ दिवस त्याच्या वाट्याला येतात आणि चार तिच्या. सुट्ट्यांची संख्या दोघांची सारखीच राहते; थकवा मात्र एकाचा सुरुवातीला, दुसऱ्याचा शेवटी. हे आधी सांगितलं नाही, तर शेवटच्या आठवड्यात "आम्हीच का राबायचं?" हा प्रश्न उठतो. त्या आठ दिवसांच्या मध्ये अर्ज करून एक हक्काची रजा टाकली, तर दोघांचंही ओझं हलकं होतं.

म्हणून अर्ज चार्ट लागण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, लेखी द्यावा. त्यात कोणते गुरुवार, कोणत्या तारखेला मूळ वारावर परत, आणि अदलाबदलीला कोण तयार आहे, एवढं पुरे. सहकाऱ्याचा होकार व्यवस्थापकाने स्वतः, अर्जदार समोर नसताना विचारावा. तोंडावर नाही म्हणणं अनेकांना जड जातं. त्याचा गुरुवार आईला दवाखान्यात नेण्याचा असेल, तर तो नकारही तितकाच रास्त आहे. त्यासाठी त्याला कारण सांगायला लावू नये.

सगळ्याच मागण्यांना पूर्ण सुट्टी लागतेही असं नाही. जुम्म्याच्या नमाजासाठी बऱ्याचदा दुपारची जेवणाची सुट्टी थोडी सरकवून वाढवली आणि तेवढी वेळ संध्याकाळी भरून घेतली, की काम होतं. एकादशी आणि संकष्टी तिथीवर येतात, त्यांचा वार दर वेळी बदलतो; त्यांच्यासाठी कायमचा ऑफ बदलून उपयोग नाही, त्या दिवसापुरती अदलाबदलच हवी.

आणि गुरुवार मागणाऱ्या तिघी निघाल्या तर? गुरुवारचे दोघंही वार सोडायला तयार असतील, तर चार गुरुवारांत आठ जागा होतात: दोघींना तीन-तीन, एकीला दोन. उद्यापनाचा गुरुवार मात्र दोघींनाच मिळू शकतो. ज्या बाईच्या वाट्याला एकूण दोनच आले, तिला तो आधी द्यावा आणि उरलेली एक जागा चिठ्ठी टाकून ठरवावी. जिची चिठ्ठी निघाली नाही, तिला त्या दिवशी सकाळची पाळी देता येते, म्हणजे संध्याकाळची पूजा घरी होते. हे सगळं चार्टच्या वहीत नावानिशी नोंदलं, तर पुढच्या मार्गशीर्षात पहिला हक्क कुणाचा, यावर वाद उरत नाही.